गादीवरची टाळी

अंगणवाडीत सत्तावीस वर्षं काढली की बाईला एक रोग जडतो. लेकरांमधलं आपल्याला सगळं कळतं, असं तिला वाटायला लागतं. मला तो चांगलाच जडला होता, आणि उतरला तो माझ्याच घरात.

नात आठ महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. वर्ध्याजवळच्या आंजीच्या पुढे आमचं गाव, मुलगा पुलगावच्या डेपोत नोकरीला, त्यामुळे घरात मी, सून आणि नात अशा आम्ही तिघीच. पोरगी गोरीगोमटी, हसरी, समोर आलेल्या प्रत्येकाला हात जोडून जयभीम करणारी. तिसऱ्या महिन्यात 'आऽऽ', 'गूंऽऽ' करून तिनं सगळ्यांना वेड लावलं होतं. पण नंतर ते वाढेना, उलट कमी होत गेलं. सुनेच्या ते लक्षात आलं. माझ्या नाही.

सून एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, हे पोरगी बाबाबा, मामामा असं काऊन नाई करत? तुमच्या तक्त्यात तर या वयाले करते म्हणून लिवलं आहे."

तक्ता अंगणवाडीच्या भिंतीवर मीच लावलेला. कितव्या महिन्यात मूल काय करतं त्याचा. आणि मीच तिला म्हणाले की तुझा नवराही अडीच वर्षांचा होईपर्यंत मुका बसला होता, आता बघ, फोनवर तास तास थांबत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला! वर माझी परीक्षाही घेऊन दाखवली. पोरीला फरशीवर बसवलं, मागे स्टीलची थाळी ठेवली आणि पळीनं खणखण वाजवली. तिनं झटकन मान वळवली. मी सुनेकडे असं पाहिलं की ती बिचारी तव्याकडे बघायला लागली. गावातल्या कितीतरी लेकरांचे कान मी याच रीतीनं तपासून रजिस्टरमध्ये बरोबरची खूण केली होती.

पण सुनेनं सोडलं नाही. चार-पाच दिवसांनी दुपारी तिनं आतल्या खोलीत गादी टाकली. घरच्या कापसाची, जाडजूड. पोरीला मधोमध बसवलं, मला तिच्यासमोर बसायला सांगितलं आणि म्हणाली, काही करू नका, फक्त तिच्या तोंडाकडे पाहा. मग पोरीच्या पाठीमागे दारापर्यंत गेली आणि टाळी वाजवली.

पोरगी माझ्या बांगड्यांशी खेळत होती. खेळतच राहिली.

सुनेनं आणखी जोरात वाजवली. मग तीच थाळी हातात उंच धरून बडवली. अंगणातली कोंबडी फडफडत पळाली. माझ्या नातीची पापणी हलली नाही.

तेव्हा मला कळलं, फरशीवर ती थाळीचा आवाज ऐकत नव्हती. फरशी थरथरत होती, ते तिच्या बुडाला कळत होतं. कापसानं ती थरथर खाऊन टाकली आणि माझी सत्तावीस वर्षंही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तिथंच रडले. सून रडली नाही. ती म्हणाली, उद्याच वर्ध्याला जायचं.

दवाखान्यात पोरीला झोपवून डोक्याला तारा लावून तपासलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, म्हणाले, मशीन लावावी लागेल. मी विचारलं, मग ते 'गूंऽऽ' कसं करत होती? तिथली बोलणं शिकवणारी बाई समजुतीची होती. तिनं सांगितलं की तसे आवाज ऐकू न येणारं लेकरूही काढतं. पण पुढचं 'बाबाबा' वेळेवर जमायला दुसऱ्याचा आणि स्वतःचा आवाज कानावर पडावा लागतो. परतताना एसटीत मी सुनेला म्हणाले, "चुकलं माझं. तू सांगून राह्यली होती, मी ऐकलं नाई." तिनं पोरीचं टोपडं नीट केलं आणि म्हणाली, आता तिच्याशी बोलत राहा, बस.

पुढच्या आठवड्यात मी गावातली सगळी तान्ही लेकरं गादीवर बसवून पुन्हा तपासली. सगळ्यांनी मान वळवली. तेव्हा कुठे मला झोप लागली.

मशीन लागल्या. पोरगी त्या ओढायची, चघळायची, एकदा तर एक मशीन पोळ्यांच्या डब्यात सापडली. आम्ही दोघी दिवसभर तिच्याशी बोलायचो, डाळ निवडताना डाळीचं, धुणं धुताना धुण्याचं. शेजारणीनं सुचवलं, पोपटानं टोचलेला जाम चारा, जीभ सुटते. जाम म्हणजे आमच्याकडे पेरू. असलं काही करू नका म्हणून मी बायांना रागावणारी, तरी एक जाम पदरात बांधून आणलाच. मग लाज वाटली आणि मीच खाल्ला.

महिने गेले. एका सकाळी मी तांदूळ निवडत होते आणि मागून आलं, "बाबाबाबाबा." मी सूप तसंच टाकलं. नुसता तोंडाचा खेळ होता तो, अर्थ काही नव्हता, हे मला ठाऊक होतं. मुलगा फोनवर म्हणाला, मलेच हाक मारते. मी त्याचं मन मोडलं नाही.

ती दीड वर्षाची होऊन गेल्यावर पहिला शब्द आला, "भू". आधी कुत्रा भू, मग बकरी भू, मग बैलही भू, आणि घोंगडी पांघरून आलेले शेजारचे बुवाही भू. त्यानंतर दोन-दोन शब्द जोडायला लागली. 'आजी आली', 'भू गेली'. एकदम शुद्ध. मी गावभर सांगत फिरले.

आणि साडेतीन वर्षांची असताना एक दिवस म्हणाली, "मम्मी येली." मी दुरुस्त केलं, आली. ती म्हणाली, "येली." दोन दिवसांत 'भू जाली' आणि 'मी पोळी करली'ही सुरू झालं. आधी बरोबर बोलणारी पोर मागे कशी गेली? मशीन बिघडली असेल, नाहीतर कान आणखी गेले असतील. या वेळी मी माझं शहाणपण चालवलं नाही. सुनेला सांगितलं आणि दोघी पोरीला घेऊन दवाखान्यात गेलो.

तिथल्या बाईनं मशीन तपासली, कान तपासले. सगळं होतं तसंच होतं. मग तिनं मला विचारलं, "आजी, तुमच्या घरी 'येली' कोण म्हणते?"

कोणीच नाही, मी म्हणाले.

"मंग तिनं कोणाचं ऐकलं?"

मग बाईनंच समजावलं. आधी 'आली' म्हणायची ती जशीच्या तशी उचललेली. आता तिला उमगलंय की बस, बसली, उठ, उठली, झोप, झोपली. मग ये, येली. हे तिचं तिनं घडवलेलं आहे. सगळीच लेकरं या वाटेनं जातात. टोकू नका, नुसतं बरोबर बोलून दाखवा, हळूहळू सुटेल. सून इतके दिवस रडली नव्हती. ती तिथंच खुर्चीत बसून रडली.

त्यानंतर आठवडाभरानं मी तालुक्याच्या मीटिंगहून घरी आले. फाटकातून आत येऊन कडी लावली. उघड्या दारातून दिसलं, आतल्या खोलीत तीच गादी टाकलेली होती. पोरगी तिच्यावर बाहुली घेऊन बसली होती, दाराकडे पाठ करून. कडी वाजली तशी ती बसल्या जागेवरून, मागं वळूनही न बघता ओरडली, "मम्मी, आजी येली!"

सून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. दोघींना एकच दुपार आठवली.

बरोबर बोलून दाखवायचं, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या दिवशी मी उंबऱ्यावरच बसले आणि म्हणाले, "हो व माय, येली."