तुकारामच्या अंगातलं ऊन

तुकाराम आमच्या लेबर कॅम्पमधला शटरिंगचा सुतार. एकोणीस वर्षं शारजात काढली, पण मन राजापूरच्या गावातच. रोज रात्री बायकोला, कावेरीवहिनींना फोन. बोलणं ठरलेलं : भात काय म्हणतोय, आईची जत्रा कधी. आई म्हणजे गावदेवी. वैशाखातल्या जत्रेला सुट्टी कुणाला मिळते? म्हणून परवानगी काढून आम्ही कॅम्पच्या आवारातच छोटी पालखी फिरवायचो.

मी विघ्नेश, सेफ्टी ऑफिसर. कागद चिकटवणं हा माझा धंदाच. यंदा बेचाळीस डिग्री, म्हणून पालखी साडेचारनंतर ठेवली आणि नोटीस लावली. प्रत्येक फेरीला पाणी, दोन फेऱ्यांनी भोई बदलायचे, मंडपात दहा मिनिटं विश्रांती. खाली ठळक अक्षरांत : माणूस असंबद्ध बडबडला, तोल गेला, अंग तापलं, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, बर्फ लावा, ॲम्ब्युलन्स बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पाण्याच्या टेबलावर खैरुद्दीन होता. बस ड्रायव्हर, तुकारामच्या शेजारच्या गावचा. त्यानं तीनदा ग्लास पुढे केला. तुकारामचा निर्जळी उपास. "आई खांद्यावर असताना पाणी कसलं रे?" म्हणाला. मी त्याला बदली घे म्हणालो, तो हसला आणि मी सोडून दिलं. काय मेली माझी ऑफिसरकी!

पाचव्या फेरीला तो डुलायला लागला. डोळे लाल, तोंडानं काहीबाही. कुणीतरी म्हणालं, "अंगात आलं." पालखी दुसऱ्यांनी घेतली आणि सगळ्यांनी हात जोडले. एकोणीस वर्षांत आई त्याच्या अंगात कधी आली नव्हती. मला तर भरून आलं हो.

खैरुद्दीन बर्फाची बादली घेऊन धावत आला. "अरे, याला ऊन लागलंय, अंगाला हात लावून बघ!"

मी खैरुद्दीनचा हात धरला. अंगात आलेल्या माणसाला शिवायचं नसतं, हे आमच्या गावात लहान पोराला ठाऊक. "थांब, आई बोलतेय," मी म्हणालो. दहा मिनिटं धरून ठेवला त्याला.

मग तुकाराम कोसळला. हात लावला तर तव्यासारखा. बर्फ, पाणी, ॲम्ब्युलन्स, सगळं नोटिशीप्रमाणे केलं, पण उशिरा. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये खलास.

मी रडलो नाही, स्वतःचाच राग येत होता. कावेरीवहिनींना फोन करायची पाळी माझ्यावर आली. गावात त्यांना आधीच कळलं होतं.

"भावोजी, आई आली होती म्हणे त्यांच्या अंगात. एवढं तरी खरं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. बाजूला खैरुद्दीन खाली मान घालून बसला होता. मला खोटं बोलवेना.

"नाही वहिनी. ऊन लागलं होतं. आम्ही हात जोडून बघत राहिलो."

त्या मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"मग कुणी पाणी का नाही ओतलंत?"