कोपऱ्यातल्या बाकावरचा उजेड

शाळेचा वायरमन भलताच उतावळा. कुणी "अंधार वाटतो" म्हणायचा अवकाश, याच्या खांद्यावर शिडी! पाचवीच्या बाई म्हणजे त्याची सख्खी मेहुणी. तो त्यांच्या वर्गात शिडी घेऊन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "दाजी, आधी मोजा तरी!"

त्याने तणतणत पडदे ओढले, ट्यूब लावल्या, सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यातल्या बाकावर उजेड मोजायचा लक्समीटर ठेवला आणि आकडा वाचायला त्यावर ओणवा झाला. एकशे नव्वद! वर्गाला हवेत तीनशे.

"बघा! चार ट्यूब वाढवाव्याच लागणार."

बाईंनी बाही धरून त्याला मागे ओढलं. आकडा झर्रकन तीनशे वीस. तो पुन्हा वाकला, आकडा पुन्हा खाली.

"दाजी, उजेड पुरेसा आहे," बाई म्हणाल्या. "वायरमनच जरा जास्त झालाय."