चावीताईला झेपेल अशी मालिका

“हा कोण?” चावीताईनं विचारलं.

सासूबाईंनी पडद्यावरची नजर न हलवता लांबलचक उसासा सोडला. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मास्तर, म्हणजे चावीताईचा शिंपी नवरा, काजं करायला घेतलेला शर्ट हळूच नाकापर्यंत वर घेऊन बसला. त्याआड तो हसत होता.

“हा धाकटा,” सासूबाई म्हणाल्या.

“धाकटा तर जहाजावरून पडला ना?”

“पडला नाही, ढकलला. आणि मेला नाही.”

“हे कधी झालं?”

“तू लिफ्टमध्ये होतीस तेव्हा.”

चावीताई लिफ्ट दुरुस्त करायची. बंद दार बाहेरून उघडायची तिकोनी चावी सदा कमरेला लटकलेली, म्हणून अख्ख्या भागात हेच नाव पडलेलं. सकाळची देखभालीची कामं वेळेवर व्हायची. पण माणसं काही वेळ बघून अडकत नाहीत. आमटीला फोडणी पडलीय, केसांना तेल लागलंय, नुकती कुठे पाठ टेकलीय, अशा वेळी फोन वाजायचा आणि ती बूट घालत जिना उतरायची.

आणि घरात लागली होती ती एका बंदरावरच्या व्यापारी घराण्याची मालिका. तीन पिढ्या, पाच घरं, साठ भाग. प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दार उघडायचं, समोर बघून पांढरंफटक पडायचं आणि भाग संपायचा. एक भाग चुकला की एक लग्न, एक फारकत आणि निदान दोन माणसांची खरी ओळख हातची जायची. सुरुवातीला ‘मागील भागात’ म्हणून दाखवत, पण त्यात फक्त आजच्या भागाला लागणारं असायचं. चावीताईचे तर सलग तीन-तीन भाग बुडालेले.

मग उरायच्या सासूबाई. त्या गोष्ट सांगायच्या, पण स्वतःच्या हिशेबानं. मोठी सून त्यांच्या मनातून उतरली होती, त्यामुळे तिनं केलेलं चांगलं काही त्या सांगतच नसत. “ती ना? तिचं नाव काढू नकोस.” चावीताईनं त्या सुनेचा दोन महिने मनापासून राग केला. एके संध्याकाळी स्वतः भाग पाहिला, तर बिचारी एकटी सगळं घर सावरत होती.

“आई, ही तर चांगली आहे.”

“आत्ता झालीय. माझं जे म्हणणं होतं, ते आधीचं.”

मालिका गेली खड्ड्यात, असं चावीताईला म्हणता आलं असतं. पण तिला मालिका नकोच होती. तिला हवी होती सोफ्यावरची ती मधली जागा. दिवसभर तिघांची तोंडं तीन दिशांना. जेवणंसुद्धा मागेपुढे. एकत्र म्हणावं असं घरात एवढंच: उजवीकडे सासूबाईंची शेरेबाजी, डावीकडे मास्तरच्या खांद्याचा खडूचा वास. तिथं बसून ‘हा कोण, ती कोण’ विचारलं तर दोघांच्या बघण्याचा विचका. गप्प बसलं तर परक्याच्या लग्नात जेवायला आल्यासारखं. हल्ली ती ‘दमले’ म्हणून आतल्या खोलीत जायला लागली होती, आणि त्या खोलीत एकटीला ऐकू येणारं हसणं तिला सहन होत नव्हतं.

मास्तरच्या ते लक्षात आलं. त्यानं जाहीर केलं, “आता सतराव्या भागावर थांबायचं. ही आल्याशिवाय एक मिनिट पुढे जायचं नाही.”

“मी थांबेन की,” सासूबाई म्हणाल्या. “मला कुठं घाई आहे.”

नेमक्या त्याच आठवड्यात साऱ्या लिफ्टांनी जणू संगनमत केलं. घर सतराव्या भागावर लटकलं. सासूबाईंना जिन्यात शेजारीण दिसली की त्या कानांवर हात ठेवायच्या, कारण शेजारीण बाविसाव्यावर होती. चहात साखर कमी पडली तरी त्या त्याचा संबंध सतराव्या भागाशी लावायच्या.

अखेर एका संध्याकाळी चावीताई लवकर घरी आली. हातपाय धुतले, मधे बसली, रिमोट घेतला आणि मालिका उघडली. पडद्यानं इमानेइतबारे विचारलं: एकविसावा भाग पुढे पाहायचा?

चावीताईनं उजवीकडे पाहिलं.

“त्याचं असं झालं,” सासूबाईंनी पदर सारखा केला. “दुपारी माझा इथंच डोळा लागला. आणि ते मेलं आपलं आपण पुढे जातं.”

“चार भाग?”

“गाढ झोप लागली होती.”

“आई, आपोआप पुढे जातं, पण मग मधेच विचारतं, अजून बघताय का म्हणून. ‘हो’ कुणी म्हटलं?”

सासूबाईंनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आधीच ओवलेला होता.

चावीताई हसली, अगदी पोट धरून हसली. पण रात्री पांघरूण घेताना ती मास्तरला म्हणाली, “दुसऱ्यांना सोडवायचं माझं काम. घरात मीच दोघांना अडकवून ठेवलंय. तुम्ही बघा पुढे. खरंच.”

“आणि तू?”

“बघते काहीतरी,” म्हणत तिनं दिवा मालवला.

उत्तर मिळालं दुसऱ्या दिवशी, दवाखान्यांच्या एका उंच इमारतीत. पाचव्या मजल्यावर दवाखाना असलेली दातांची डॉक्टरीण तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे अडकली होती. चावीताईबरोबर नेहमी काम करणारे दादा वर यंत्राच्या खोलीत गेले. मुख्य वीज बंद करायची, ब्रेक मोकळा करायचा आणि हातानं चाक फिरवत लिफ्ट जवळच्या मजल्याला आणायची, हे त्यांचं काम. ती मजल्याला नीट लागली की दार उघडायचं चावीताईनं. तोवर आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हेही तिचंच.

“बाई, दाराला हात लावू नका. मागे टेकून उभ्या राहा. हवा भरपूर येते आत.”

“बोलत राहा हो,” आतून बारीक आवाज आला. “काहीही बोला.”

चावीताईला पटकन सुचली ती बंदरावरची मालिका. “एक व्यापारी असतो. त्याचा धाकटा मुलगा जहाजावरून पडतो. म्हणजे पडत नाही.”

“कुणी ढकललं?”

“चुलत्यानं. म्हणजे तो चुलता नाहीच, पण ते नंतर कळतं.”

“थांबा, थांबा. कोण कुणाचा चुलता?” आवाज आणखी बारीक झाला. “अहो, माझा जीव घाबराघुबरा होतोय, त्यात हे.”

चावीताईनं जीभ चावली. मधूनच कुणाला आत घेता येईल अशी ती गोष्टच नव्हती. दादांनी वरून फोनवर सांगितलं, चाक जड जातंय, जरा वेळ लागेल. तेव्हा तिला दुसरी आठवली. मागच्या महिन्यात याच इमारतीत एका सुट्या भागाची वाट बघत ती रखवालदाराच्या खोलीत बसली होती. त्याच्या फोनवर लागलेली मालिका तिनं मधूनच पाहिली होती. हा भाग कितवा, आधी काय झालं, काही विचारावं लागलं नव्हतं. पोस्टातून निवृत्त झालेली एक बाई, तिचं छोटंसं गाव, आणि दर भागात एक नवं लफडं, जे भाग संपता संपता सुटतं.

“बरं, हे ऐका. एका गावात बँड असतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यातला ट्रंपेट चोरीला जातो.”

“ट्रंपेट?”

“हो. खोलीला कुलूप जसंच्या तसं. वाजवणारा म्हातारा कपाळाला हात लावून बसलेला. सगळा गाव त्याचं सांत्वन करतोय. पोस्टातली बाई त्याच्यासाठी शेंगदाण्याची चिक्की घेऊन जाते. तो म्हणतो, ठेव तिकडे.”

“मग?”

“त्याचा ज्याच्याशी उभा दावा, त्याच्यावर सगळ्यांचा संशय.”

आत हालचाल थांबली होती. तिकडे रखवालदारही जिना चढून येऊन कठड्याला टेकला. लिफ्ट इंच-इंच खाली आली, मजल्याला लागली, दादांचा होकार आला. चावीताईनं चावी फिरवून दार सरकवलं. आत डॉक्टरीणबाई, कपाळावर घाम, छातीशी पिशवी. बाहेर मात्र येईनात.

“या ना.”

“थांबा हो. तो म्हातारा आधी हसायचा कसा?”

“अं? हां, ते दाखवलंय. आधी मोठ्यानं हसायचा. हल्ली तोंडावर हात धरून.”

“आणि चिक्की खाल्ली नाही.” डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. “त्याचे पुढचे दात गेलेत. ट्रंपेट कसला वाजवतोय. त्यानंच लपवला, लाज वाटली म्हणून.”

“बाई,” रखवालदार गहिवरून म्हणाला, “पोस्टातलीला अर्धा तास लागला होता.”

डॉक्टरीणबाई तरातरा बाहेर आल्या आणि उरलेले दोन मजले जिन्यानं चढून गेल्या. दर वळणावर त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी चावीताईनं घरात विषय काढला. सासूबाईंनी नाक मुरडलं.

“दर भागात नवी माणसं? ओळख होईस्तोवर निघाली. यात जीव कुठं गुंतवायचा?”

“पोस्टातली बाई तीच असते. तिच्यात गुंतवा. आणि बंदरवाले सोडायचेच नाहीत. मी बाहेर असले की तुम्ही दोघं ती लांबड बघा, उघडउघड. मी घरी असले की ही. मी चार भाग चुकवले तरी पाचव्याला येऊन बसेन, आणि हा कोण म्हणून विचारणार नाही.”

“तेवढ्यासाठी मी काहीही बघेन,” सासूबाई म्हणाल्या.

पहिल्याच भागात, बाई चोराच्या दारापर्यंत पोचली असताना फोन वाजला. सासूबाईंनी टीव्ही थांबवला. चावीताई परत आली तेव्हा उरलेली पंधरा मिनिटं तिघांनी मिळून पाहिली. पंधरा मिनिटांसाठी कुणाचा पारा चढत नाही. एखादा भाग अगदीच बुडाला, तर मास्तर तो भाजी चिरता चिरता दोन वाक्यांत सांगून टाकायचा. सासूबाई तर आता चावीताई घरात दिसली की विचारायच्या, “काय गं, आज कुठं काही बिघडलं नाही वाटतं?” कारण बंदरावर धाकट्याचं लग्न आलं होतं.

खोड एवढीच, की पोस्टातल्या बाईच्याही प्रत्येक सीझनचा शेवट दोन भागांचा असायचा. हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. एका रविवारी गावातली घंटा नाहीशी झाली, पोस्टातल्या बाईवरच आळ आला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: पुढे चालू.

“हे काय,” सासूबाई म्हणाल्या. “ही पण त्यांच्यातलीच निघाली.”

आणि फोन वाजला. चावीताईनं बूट चढवले. दाराशी वळून ती म्हणाली, “तुम्ही बघून टाका. मला नंतर सांगा.”

अडकलेल्या लिफ्टमध्ये एक कपाटही होतं, त्यामुळे बराच वेळ गेला. परत येताना तिनं मनाची तयारी केली होती: आळ कसा फिटला ते आईंच्या तोंडून ऐकायचं, त्यांच्या आवडीनिवडीसकट, आणि हसायचं.

दार उघडलं तर टीव्ही काळा. रिमोट टीव्हीवरच्या फळीवर, सासूबाईंचा हात पोचणार नाही इतका उंच. मास्तर आणि सासूबाई समोरासमोर बसून कडाकडा भांडत होते.

“घंटा पुजाऱ्यानंच ओतायला दिली असणार. तडा गेला होता तिला, मी ऐकलाय आवाज,” मास्तर म्हणत होता.

“तुला कापडातलं कळतं, घंटेतलं नाही. ती बाईच्या बहिणीनं नेली. आली का गं? बस इथं मधे. आणि सांग याला.”

“काय सांगू? मला कुठं माहितेय?”

“आम्हाला तरी कुठं माहितेय,” सासूबाई सरकत म्हणाल्या. “तू कुणाच्या बाजूनं, ते बोल आधी. मग लावू.”