लाल बटणाचा आळ

पुंडलिक बजाजनगरात तळमजल्याच्या दोन खोल्यांत राहतो. घरात रेंजच्या नावानं बोंब, म्हणून त्यानं फोनवर वायफाय कॉलिंग चालू केलं होतं. कंपनीत तपासनीस झाल्यावर घरून मेल बघायला व्हीपीएन मिळालं, तेही हा गडी दिवसभर चालूच ठेवायचा. ते चालू असलं की फोनच्या वरच्या कोपऱ्यात चावीची खूण दिसे, ती बघून त्याला उगाच साहेब झाल्यासारखं वाटे.

तेव्हापासून गावाहून, पिशोरहून, आईचा, द्वारकाबाईंचा, फोन आला की मध्येच कट व्हायचा. दोन-तीनदा झालं आणि पुंडलिकचं डोकं सरकलं. "कानानं लाल बटण दाबतीस तू! किती येळा सांगायचं? फोन वापरता येत नाय तर लावू नको!" तिकडे स्पीकर चालू होता आणि ओट्यावर चार बायका बसलेल्या होत्या, त्यांचं हसू त्याच्याही कानावर आलं. त्यानंतर आईचा फोन येईनासा झाला. यालाही अक्कल अशी की, बरं झालं म्हणाला.

एका रविवारी करुणा, त्याची बायको, चहा देता देता म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या आई, माझ्याशी तर तास तास बोलतात. एकदाबी कट होत नाय."

"कुठून बोलतीस?"

"इथूनच की. ह्याच वायफायवरून."

वायफाय तेच, आई तीच. मग वेगळं काय? दोन्ही फोन शेजारी ठेवले, तर चावीची खूण एकट्या त्याच्याच फोनवर. त्यानं व्हीपीएन बंद केलं, विमान मोड लावून काढला, वायफाय परत जोडलं आणि करुणाला फोन लावून स्वयंपाकघरात उभा राहिला. फोन कट झाला नाही. व्हीपीएन चालू करून पुन्हा लावला. थोड्याच वेळात आवाज तुटला आणि फोन गेला. घरातला फोन वायफायवरूनच जात होता आणि त्याच वाटेत हे व्हीपीएन आडवं येत होतं. पुंडलिकचा चेहरा उतरला. करुणाकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

व्हीपीएन बंद करून त्यानं आईला फोन लावला. आवाज फार लांबून आला.

"आई, फोन जवळ घे ना."

"नगं बाबा. तांब्याला टेकवून ठेवलाय. मी हात नाय लावत. तू बोल, मी हितूनच ऐकते."

पुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, तुझी काय चूक नव्हती गं. माझ्याच फोनात बिघाड होता. मीच करून ठेवलेला. त्या बायकांनाबी सांग, पुंडलिक चुकला म्हणून."

या वेळी फोन कट झाला नाही.

मग तिनं हळूच विचारलं, "मंग आता हातात घिऊ का रं?"