पाट आणि अधिकचं चिन्ह

रोह्याला राहणाऱ्या माझ्या ताईचा गणपती दरवर्षी आमच्या पेणहून जातो. श्रावणाआधी तिच्या घरचा पाट मी आणतो आणि मूर्तींच्या कारखान्यात देतो. त्याच पाटावर तिची मूर्ती होते. यंदा कारखानदाराने दोनदा विचारलं, "सर, ताईंचा पाट?" आणि ताईला फोनच लागेना.

बाकी सगळ्यांना लागायचा. ताईचा नंबर लावला की बाई बोलायची, "ही सुविधा आपल्या क्रमांकावर उपलब्ध नाही." मी समजलो, ताईने ब्लॉक केलं. मे महिन्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आईच्या आजारपणात तू होतास कुठे, असं तिने विचारलं. खरं तेच विचारलं, म्हणून झोंबलं. त्या रागात मी तिच्याकडून उठून निघून आलो आणि तिचा नंबर पुसून टाकला. आठवड्याने लाज वाटली, तेव्हा डायरीतून पाहून पुन्हा घातला.

फोन बंद करून चालू केला. सिम काढून पुसलं. कंपनीच्या ग्राहक सेवेत वीस मिनिटं गाणं ऐकलं, तर उत्तर मिळालं, "आउटगोइंग सुरू आहे सर, फक्त परदेशी कॉल बंद आहेत." मी ओरडलोच, "अहो, मला रोह्याला बोलायचंय!"

शेवटी रामवाडीतल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानवालीने नंबर उघडला आणि हसली.

"सर, ताई इराणला असतात काय?"

"म्हणजे?"

"अधिकचं चिन्ह दिलंत, पुढचं भारताचं एक्क्याण्णव नाय घातलंत. नंबर अठ्ठ्याण्णवने सुरू होतो. अधिक अठ्ठ्याण्णव म्हणजे इराण. परदेशी कॉल बंद, मग लागेल कसा?"

इतर नंबरांपुढे चिन्ह दिसतं म्हणून मीही दिलं होतं. शाळेत गणित शिकवणारा माणूस मी.

"ब्लॉकची यादी पण बघते," ती म्हणाली. यादीत एकच नंबर होता. वर्गात सारखा फोन यायचा, नाव दिसायचं नाही. जाहिरातवाला समजून मीच तो बंद केला होता. शेवटचे आकडे पाहिले आणि मान वर करवेना. ताईचा होता. चुकीच्या नंबरामुळे तिचं नाव उमटतच नव्हतं. ती फोन करत होती, आणि मी घरभर सांगत होतो की तिने नातं तोडलं.

तिथेच एक्क्याण्णव घालून लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"जिवंत हायस काय रे? पाट धुवून ठेवलाय कधीचा!"

"नंबर चुकला होता," एवढंच म्हणालो.

रविवारी रोह्याला गेलो. पाट हातात घेतल्यावर ब्लॉकचं सांगितलं. ती पाट माझ्या हातातून काढून घेत म्हणाली, "आधी बस. जेव. आईचं बोलायचंय आपल्याला."

या वेळी मी उठून गेलो नाही.