तिरकी जाळी आणि मेष्ट्रांचं पत्र

चन्नबसप्पा मेष्ट्र म्हणजे वाईट माणूस नव्हे हो. आमच्या गदगकडच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलं, कुणाच्या घरचा चहासुद्धा फुकट प्याले नाहीत. पण एक खोड होती. पोरांना शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र लागलं की कपाटातून जुनं पत्र काढायचे नि नाव बदलून उतरवायचे. "प्रामाणिक, कष्टाळू, सदैव वर्गात पहिला." खाली सही, शिक्का. झालं!

मेंढपाळाच्या बीरव्वालाही तेच पत्र दिलं. दहावीनंतर धारवाडला शिकायचं, तर शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचे पैसे मिळाल्याशिवाय जमणार नव्हतं. नाहीतर पोरगी परत मेंढरांमागे.

पाचव्या दिवशी पत्र परत आलं. सोबत चिठ्ठी. हेडमास्तरांनी ती सगळ्यांसमोर वाचली. "गुणपत्रिकेत आठवीला गणितात शंभरात अकरा, पत्रात सदैव पहिली. खरं कोणतं? आम्हाला पहिला नंबर नको. मूल कुठून कुठवर आलं, ते तुम्ही स्वतः काय पाहिलंत, तेवढं लिहा. शनिवारपर्यंत आलं नाही तर अर्ज बाद."

मेष्ट्रांनी कोरा कागद पुढ्यात घेतला. तास गेला, एक ओळ सुचेना. पोरगी आठवीतल्या अकरावरून दहावीत एकाहत्तरावर कशी आली, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! आठवीत तिला म्हणाले होते, "तू मेंढरंच मोज, बाई." तेवढं मात्र लख्ख आठवलं.

बीरव्वा तेव्हा आईबापाजवळ होती, डंबळकडच्या रानात. मेष्ट्र फकीरेशच्या टेम्पोत बसले. फकीरेश त्यांचाच जुना विद्यार्थी.

"काय मेष्ट्रे, मेंढरं घेताय की काय?"

"पत्र लिहायचंय रे, बीरव्वाचं."

"छान लिहिता तुम्ही! माझं अजून आहे." त्यानं वरच्या कप्प्यातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला. "पैसे नाही मिळाले, पण आमच्या अव्वानं जपून ठेवलं. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, बघ, तू पहिला यायचास नि मला सांगितलं नाहीस!" आणि खो खो हसला. "मी कधी पहिला आलो हो?"

मेष्ट्रांनी कागदाची घडी घालून तो परत कप्प्यात ठेवला.

रानात बीरव्वाची आई भाकरी थापत होती. "या सावकाश, मेष्ट्रे. पोरीनं काही चोरलं काय?"

"नाही यव्वा. हिच्या वह्या बघायच्यात."

नववीची वही आली. पानोपान मेष्ट्रांची लाल सही, "पाहिले." एका पानावर तिरक्या चौकोनाचं क्षेत्रफळ. बीरव्वानं दोन बाजूंचा गुणाकार केलेला, मेष्ट्रांनी बरोबरची खूण मारलेली. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात, "मेष्ट्रांनी बरोबर म्हटलंय, पण मेंढरं मावत नाहीत."

"हे काय ग?"

पोरगी मान खाली घालून म्हणाली, "आम्ही मेंढरांभोवती जाळी लावतो ना. सरळ लावली तर साठ बसतात. त्याच जाळीचे खुंट तिरके सरकवले तर दाटी होते, मेंढरं ओरडतात. बाजू तेवढ्याच, मग जागा कमी का? म्हणून दोरी घेऊन समोरासमोरच्या बाजूंमधली काटकोनातली उंची मोजली. तिरकी बाजू नाही, ती उंची धरायची. मग सगळीच चुकलेली गणितं परत केली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बरोबर म्हटलं होतं."

आई मध्येच बोलली, "मोठ्या माणसाची चूक काढतात व्हय? मीच गप्प बस म्हटलं."

मेष्ट्रांना वाटलं, त्या चुलीपाशीच मातीत गडप व्हावं. तिनं भाकरी वाढली, शेंगाचटणी वाढली. जेवून उठताना मेष्ट्रांनी ती वही मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी पत्र लिहून काढलं. "तीन वर्षं हिला शिकवतो. आठवीत दिवाळी ते शिवरात्र ती मेंढरांबरोबर बाहेर होती, अकरा गुण पडले, तेव्हा मी तिला टोचून बोललो. नववीतलं तिचं एक उत्तर चूक होतं, मी न बघता बरोबरची खूण केली. ती चूक तिनं जाळी नि दोरी घेऊन स्वतः शोधली. चुकलेलं प्रत्येक गणित ती परत करते, कुठे चुकलं ते खाली लिहिते. सोबत त्या पानाची नक्कल जोडली आहे. इंग्रजी अजून कच्चं आहे, तिथं मदत लागेल."

हेडमास्तर वाचून म्हणाले, "अहो, स्वतःचीच अब्रू काढलीत की! ती खुणेची ओळ गाळा."

"ती गाळली तर पोरीनं काय केलं ते उरत नाही," मेष्ट्र म्हणाले. हेडमास्तरांनी शिक्का मारला, पाकीट बंद केलं. शुक्रवारीच हातोहात रवाना.

महिन्यानं बीरव्वाचं नाव लागलं. शाळेत गूळ वाटला. फकीरेश टेम्पो थांबवून आत आला, मेष्ट्रांचा हात धरून म्हणाला, "म्हटलं नव्हतं? पत्र लिहावं तर तुम्हीच!"

मेष्ट्रांच्या हातात गुळाचा खडा होता. तो त्यांनी फकीरेशच्या हातावर ठेवला. म्हणाले, "फकीरेश, तुझी नववीची वही आहे का रे अजून?"

"कशाला मेष्ट्रे? ती कधीच चुलीत गेली. पत्र मात्र आहे!"