चव्वेचाळीस शेतांतली काडी

घणसोली गावात तलावाकडून आत येणाऱ्या गल्लीत कुंदन म्हात्रे यांचे झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचे दुकान आहे. वरच्या तीन मजल्यांवर त्यांच्याच भाड्याच्या खोल्या आहेत, पण 'काय करता?' असे विचारले की ते खोल्यांचे नाव घेत नाहीत. 'एज्युकेशन लाइनमधी हाय,' असे सांगतात, आणि ते खोटे नाही. आमच्या कॉलेजच्या वाणिज्य शाखेची अडीच दशकांतली निम्मी काळी पुस्तके त्यांच्या दुकानात बांधली गेली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला आमच्याकडे ब्लॅक बुक म्हणतात, कारण त्याचे पुठ्ठे काळे असतात. यातली बरीचशी पुस्तके फक्त बांधलीच नव्हे, तर लिहिलीही तिथेच गेली. विद्यार्थी विषय आणि नाव देऊन जात, आणि चार दिवसांनी सोनेरी अक्षरांचे पुस्तक घेऊन जात.

मी या कॉलेजात कार्यालय अधीक्षक आहे, निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. ग्रंथपालाची जागा रिकामी असल्यामुळे संशोधन केंद्रातील प्रबंध साहित्यचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचे काम माझ्याकडे आले. कुंदनशेठ आणि माझी ओळख त्यातून घट्ट झाली. ज्या कामाचे एक टोक त्यांच्याकडे होते, त्याचे दुसरे माझ्याकडे आले.

त्यांची कामाची पद्धत मी पाहिली आहे आणि तिची शिस्त मला मान्य करावी लागते. संगणकावर पाच-सहा लेख उघडायचे. पहिल्यातून एक वाक्य घ्यायचे, दुसऱ्यातून दीड, तिसऱ्यातून अर्धे. प्रत्येक वाक्यात साधारण दहावा-बारावा शब्द बदलायचा. मध्ये 'म्हणून', 'शिवाय', 'या पार्श्वभूमीवर' अशी सांधणी करायची. याला ते 'मिक्स' म्हणत.

"सायेब, पूर्न कॉपी मारतो तो गाढव," ते मला एकदा म्हणाले. "एकाच्या शेतातला भारा उचलला तर चोरी. चव्वेचाळीस शेतांतली एकेक काडी घेतली, तर कुनाचा काय गेला?"

काळ्या पुस्तकांपुरता हा हिशेब बरोबर निघाला, कारण ती पुस्तके कुणी वाचत नव्हते. परीक्षक जाडी बघत आणि सही करत.

प्रश्न आला तो त्यांच्या मुलीच्या वेळी. मनस्वी आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नऊ वर्षे शिकवते आहे, दर जूनमध्ये नव्याने अर्ज करून. पीएच.डी. झाली तर कायम जागेच्या मुलाखतीला बसता येणार होते. तिचा विषय होता 'नवी मुंबईच्या गावठाणांतील भाड्याच्या खोल्यांचा व्यवसाय'. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. जूनअखेर प्रबंध सादर झाला नाही, तर सगळी वर्षे पाण्यात. सर्वेक्षण तिने स्वतः केले होते, घणसोलीपासून रबाळ्यापर्यंत दारोदार हिंडून. राहिला होता दुसरा अध्याय, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा. त्यातच परीक्षांचे काम लागले, तेव्हा वडील म्हणाले, "तू पेपर तपास. हा मी बघतो. पंचवीस वर्षं काय केला मग?"

तिने हो म्हटले. ती चूक तिचीच, असे तिने नंतर मला स्पष्ट सांगितले.

मार्चमध्ये मी प्रबंध तपासणीला घातला. बाकीचे अध्याय दोन-तीन टक्क्यांत होते. दुसऱ्या अध्यायाचे साम्य एकतीस टक्के आले. आमच्याकडे नियमाने दहा टक्क्यांपर्यंत चालते. अहवाल उघडला तर पान होळीनंतरच्या सदऱ्यासारखे दिसत होते. कुठेही सलग परिच्छेद एका रंगाचा नव्हता. नऊ शब्द हिरवे, मग एक शब्द पांढरा, मग अकरा शब्द हिरवे, की लगेच जांभळे सुरू. खाली स्रोतांची यादी होती, चव्वेचाळीस, आणि एकही एका टक्क्याच्या वर नाही.

कुंदनशेठ अहवाल बघायला स्वतः आले. मुलगी मागे उभी होती.

"एकेकच टक्का हाय ना सगळा? मग एकतीस कसा?"

"मशीन बेरीज करते, कुंदनशेठ."

"पन मी शब्द बदलला की! ह्यो बघा, ह्यो पांढरा."

"तोच तर पांढरा दिसतोय," मी म्हणालो. मला जे समजले होते ते मी सांगितले. मशीन पूर्ण वाक्य वाक्याशी जुळवत नाही. ते मजकुराचे सलग काही शब्दांचे लहान लहान तुकडे करते, एकमेकांवर थोडे चढलेले, आणि प्रत्येक तुकडा आपल्या साठ्यात शोधते. एक शब्द बदलला की त्याला शिवणारे तेवढेच तुकडे चुकतात. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे जसेच्या तसे सापडतात.

"पप्पा, तुम्ही बदललेत त्यापेक्षा ठेवलेत ते जास्त आहे," मनस्वी म्हणाली.

"मग अजून बदलतो," ते म्हणाले. चेहरा अपमान झाल्याचा नव्हता, ऑर्डर मिळाल्याचा होता.

त्यांनी आठ दिवस दुकान भाच्याकडे सोपवले आणि शब्दकोश घेऊन बसले. दर दहावा शब्द बदलायचा, तो दर दुसरा केला. कर्त्याचे कर्म केले, वाक्याची शेपटी पुढे आणली. एप्रिलमध्ये पुन्हा तपासले. नऊ टक्के. माझ्या टेबलावर पेढे आले.

मनस्वीने पेढा घेतला नाही. "सर, मी रात्री वाचून बघितलं," ती हळूच म्हणाली. "माझाच प्रबंध, आणि मला कळत नव्हता."

तिच्या मार्गदर्शक डॉ. क्षिप्रा देवस्थळी ऐरोलीला राहतात. त्या छापील प्रत घेतात, हातात पेन्सिल घेतात आणि पहिल्या पानापासून वाचतात. या विद्यापीठात ही सवय आता इतकी दुर्मिळ आहे, की कुंदनशेठनी तिचा विचारच केला नव्हता. त्यांची सारी तयारी मशीनसाठी होती.

मॅडमनी दोघांना माझ्याच खोलीत बोलावले. नऊ टक्क्यांचा अहवाल मी पुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"हा आकडा साम्याचा आहे. चोरीचा किंवा प्रामाणिकपणाचा नाही. ते कुणीतरी वाचूनच ठरवावं लागतं, आणि मी वाचलंय." त्यांनी प्रत उघडली. "पान एकतीस. इथे लिहिणारा माणूस बदलला. पान बत्तीस, पुन्हा बदलला. इथे भाडेकरू आहे, पुढच्या ओळीत तोच 'निवासी ग्राहक' होतो, त्यापुढे 'वस्तीधारक'. तीन शब्द, तीन लेखक. 'वरील तक्त्यात दिसते त्याप्रमाणे' असं लिहिलंय, वर तक्ता नाही. 'अलीकडच्या काळात' म्हणून जे दिलंय, ते सोळा वर्षांपूर्वीचं आहे. 'एकत्र कुटुंब' होतं, त्याचं तुम्ही 'जोडलेलं कुटुंब' केलंत. मनस्वी, जोडलेलं कुटुंब म्हणजे काय गं?"

मनस्वीने पेनने त्या शब्दाभोवती गोल केला.

"आणि पान छत्तीस. 'हिवाळ्यात खोल्या तापवण्याचा वाढता खर्च कोणी सोसायचा, हा घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील वादाचा मुख्य मुद्दा आहे.' घणसोलीत?"

मी हसू दाबायला फाइल उघडली. कुंदनशेठ म्हणाले, "तो बहुतेक बाहेरच्या देशाचा असल मॅडम. मिक्समधी आला."

"शब्द तुम्ही सगळे बदललेत. पण चार मुद्दे मूळ लेखांतल्याच क्रमाने, तीच उदाहरणं, तोच निष्कर्ष. नाव कुठेच नाही. शेवटी यादीत चव्वेचाळीस नावं, पण कुठलं वाक्य कुणाचं, ते नाही. मशीनला शब्द दिसतात. मला विचार कुणाचा आहे ते दिसतं, कारण मनस्वीचे बाकीचे अध्याय मी वाचलेत. ती अशी लिहीत नाही. हा अध्याय मी पुढे पाठवणार नाही."

"मॅडम, मुदत..." मनस्वी म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून आजच बोलावलं."

मॅडमनी पान उलटले. "एका वाक्याला मात्र मी बरोबरची खूण केली आहे. 'भाडेकरू मे महिन्यात गावाला जातो तेव्हा खोली सोडत नाही, कुलूप लावतो, आणि मालक ते कुलूप मोडत नाही, कारण तोच भाडेकरू जूनमध्ये भावाला घेऊन येतो.' हे कुणाच्या लेखातलं? मला संदर्भ हवाय. फार चांगलं निरीक्षण आहे."

कुंदनशेठनी मान वर केली. "ते कुनाचाच नाय मॅडम. दोन उतारे जुळत नव्हते, म्हनून मधी मी टाकला. सांधा. आपला रोजचाच हाय ते."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. तीस वर्षे खोल्या चालवणारा माणूस खोल्यांवरचा अध्याय लिहिताना स्वतःला सोडून जगभरच्या लोकांची वाक्ये गोळा करत बसला होता, आणि आपले होते ते त्याने फटी बुजवायला वापरले होते.

त्यानंतरचे सात आठवडे मनस्वीने कसे काढले ते मी पाहिले. चव्वेचाळीसपैकी एकोणीस लेख विषयाशी संबंधित निघाले. ती एक लेख वाचायची, बंद करायची, त्यात काय आहे ते आपल्या शब्दांत वहीत लिहायची, आणि मग उघडून पडताळायची. कुणाचा मुद्दा घेतला की तिथल्या तिथे नाव. लेखकाचे शब्दच हवे असतील तर अवतरण चिन्हात. कामाला वेग नव्हता. कुंदनशेठ येता-जाता म्हणायचे, "एका दिवसात एकच पान? माझ्या दुकानात तू उपाशी मेली असती."

ते सांध्याचे वाक्य मात्र तिने दुसऱ्या अध्यायातून काढले, कारण ते कुणाचे संशोधन नव्हते. मग वडिलांना रीतसर प्रश्नावली घेऊन समोर बसवले आणि दोन दिवस मुलाखत घेतली. पहिल्या दिवशी ते छापील बोलत होते: 'सामाजिक-आर्थिक घटकांचा विचार करता.' तिने फोनचे रेकॉर्डिंग बंद केले. "पप्पा, हे तुमचं नाही. तुमचं बोला." दुसऱ्या दिवशी ते बोलले, आणि चौथ्या अध्यायाला चार पाने मिळाली.

जूनच्या सव्वीस तारखेला प्रबंध सादर झाला. दुसऱ्या अध्यायाचे साम्य चार टक्के होते, त्यातले बरेच संस्थांची नावे आणि कायद्यांची शीर्षके. मॅडमनी त्या आकड्याकडे पाहिलेही नाही, कारण अध्याय त्यांनी आधीच वाचला होता. बाइंडिंग अर्थातच कुंदनशेठच्या दुकानात झाले. पोचपावती घ्यायला ते मुलीबरोबर आले, तेव्हा फुगलेले होते.

"सायेब, तुम्हीच सांगा. ह्या पोरीनी एकोनीस मानसांची नावं घातली. कुनी पुन्याचा, कुनी दिल्लीचा, एक तर मेलेला हाय. पान एकशे त्रेचाळीसवर माझा बोलना जसाच्या तसा, अवतरनात. आनि खाली काय? 'उत्तरदाता क्रमांक सतरा'!"

"मुलाखत देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असतं," मी म्हणालो. "नियम आहे."

"गुप्त कुनापासून? गल्लीत सगल्यांना म्हायती हाय, ह्यो कुलपाचा किस्सा माझा."

"पप्पा, तुम्हीच फॉर्मवर सही केलीत."

"सही मी वाचून कधी केलीय?"

मनस्वी पावती घेऊन तासाला गेली. दुसऱ्या आठवड्यात मी काही कागद झेरॉक्स करायला दुकानात गेलो, तेव्हा काउंटरच्या मागे भिंतीवर एक पान लॅमिनेट करून लावलेले दिसले. एकशे त्रेचाळीसावे. 'उत्तरदाता क्रमांक सतरा' या शब्दांवर निळ्या पेनाने नीट रेघ मारली होती आणि शेजारी कुंदनशेठनी स्वतःचे पूर्ण नाव लिहिले होते, वडिलांच्या नावासकट.